व्यासपीठावरील लेखक-परिचय

साहित्यविषयक कार्यक्रमात प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या लेखकाचे भाषण सुरू होण्यापूर्वी सूत्रसंचालक त्यांच्याविषयी काही मजकूर वाचून दाखवतो. त्याला लेखक-परिचय म्हणतात. कार्यक्रमाच्या पत्रिकेत स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, भाषण आणि आभार असा क्रम साधारणपणे असतो. परिचय हा त्यातील सर्वांत लहान भाग. तो दोन-तीन मिनिटांचाच असतो. मात्र लेखक आणि श्रोते यांची गाठ प्रथम पडते ती याच भागात. परिचय फसला तर त्याची भरपाई पुढे कोणी करू शकत नाही, कारण पाहुण्याला स्वतःच्या भाषणात स्वतःविषयीची चूक दुरुस्त करणे संकोचाचे वाटते आणि चूक तशीच सभागृहाबाहेर जाते.

परिचय कसा लिहावा हे एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 1981 साली रायपूर येथे भरले होते. त्या वेळी हे शहर मध्य प्रदेशात होते. छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी अस्तित्वात आले. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते कथाकार गंगाधर गाडगीळ. समजा, त्याच दिवसांत शहरातील एखाद्या मराठी मंडळाने वाचकांच्या छोट्या मेळाव्यासाठी त्यांना बोलावले आणि परिचय लिहिण्याचे काम मंडळातील एका सभासदाकडे आले. हा मेळावा कल्पित आहे, पण लेखक, शहर आणि त्यांच्याविषयीची माहिती खरी आहे.

श्रोते कोण आहेत

लिहायला बसण्यापूर्वी श्रोत्यांचा विचार करावा लागतो. रायपूरचा मराठी श्रोता पुण्याच्या किंवा नाशिकच्या श्रोत्यासारखा नसतो. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर आला आणि त्यामागोमाग मराठी कुटुंबे या भागात येऊन राहिली. पुढे ब्रिटिश काळात हा प्रदेश मध्य प्रांतात होता व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, त्यामुळे नोकरी-व्यवसायासाठी येणे-जाणे चालू राहिले. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. रायपूर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. तेव्हापासून येथील मराठी घरांत एक वेगळी स्थिती दिसते. बोलण्याची भाषा मराठी, शिक्षणाची भाषा हिंदी. आजी-आजोबांनी मराठी कथा-कादंबऱ्या वाचलेल्या असतात, तर नातवंडांना मराठी ऐकून कळते पण मराठी पुस्तक हाती घेण्याची सवय नसते.

अशा सभागृहात 'नवकथा' हा शब्द उच्चारला की पुढच्या दोन रांगांना तो कळतो आणि मागच्या रांगांना कळत नाही. म्हणून तो शब्द गाळावा, असे नव्हे. तो वापरावा आणि त्याच दमात एका साध्या वाक्यात उलगडावा. जाणकाराला ते वाक्य खटकत नाही व नवख्याला ते हवेच असते.

माहिती गोळा करणे आणि पडताळणे

माहितीचे पहिले साधन म्हणजे लेखकाची पुस्तके. पुस्तकाचे नाव मुखपृष्ठावर सजावटीने छापलेले असते, त्यामुळे ते आतील शीर्षकपानावरून उतरवून घ्यावे. दुसरे साधन म्हणजे विश्वकोशासारखे संदर्भग्रंथ. तिसरे आणि सर्वांत विश्वसनीय साधन स्वतः लेखक. कार्यक्रमाच्या एक-दोन दिवस आधी मसुदा त्यांना दाखवावा किंवा दूरध्वनीवर वाचून दाखवावा. पुष्कळांना हे विचारणे अवघड वाटते. वास्तविक लेखकाला त्याचा रागच येत नाही, उलट दिलासा मिळतो.

गाडगीळांच्या बाबतीत जमा होणारी माहिती अशी आहे. जन्म 25 ऑगस्ट 1923, मुंबई. व्यवसायाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. काही काळ मुंबईच्या नरसी मोनजी महाविद्यालयाचे प्राचार्य. 'कडू आणि गोड', 'तलावातले चांदणे' इत्यादी कथासंग्रह. 'लिलीचे फूल' ही कादंबरी. लोकमान्य टिळकांच्या जीवनावरील 'दुर्दम्य' ही कादंबरी. 'सातासमुद्रापलीकडे' हे प्रवासवर्णन. 'खडक आणि पाणी' हा समीक्षाग्रंथ. बंडू नावाच्या मध्यमवर्गीय गृहस्थाच्या विनोदी कथा. याखेरीज ग्राहक चळवळीतील कार्य.

येथे एक धोका आहे, आणि तो याच उदाहरणात ठळकपणे दिसतो. गाडगीळ या आडनावाचे अनेक नामवंत महाराष्ट्रात होऊन गेले. धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. गंगाधर गाडगीळही अर्थशास्त्राचेच. नरहर विष्णू ऊर्फ काकासाहेब गाडगीळ हे केंद्रीय मंत्री होते, आणि 1962 साली सातारा येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. म्हणजे संमेलनाध्यक्ष गाडगीळ दोन आहेत. बाळ गाडगीळ हे विनोदी लेखक, आणि बंडूच्या कथांमुळे गंगाधर गाडगीळांचीही विनोदी लेखकांत गणना होते. घाईने माहिती जमवणाऱ्याच्या हातून एकाचे पद दुसऱ्याला आणि एकाचे पुस्तक तिसऱ्याला जाणे अगदी सहज घडते. ही चूक ओळखायची कशी? प्रत्येक वाक्यासमोर ते कोठून घेतले याची खूण करावी. ज्या वाक्यासमोर 'असे ऐकले आहे' यापलीकडे काही लिहिता येत नाही, ते वाक्य काढून टाकावे. दोन मिनिटांच्या परिचयातून एक वाक्य गेल्याने काहीही बिघडत नाही.

एक सूत्र निवडणे

जमलेली माहिती जशीच्या तशी ओळीने मांडली तर पुढीलप्रमाणे मजकूर तयार होतो.

'ज्यांना परिचयाची गरज नाही असे, मराठी साहित्याच्या नभोमंडळातील तेजस्वी तारा, नवकथेचे जनक, थोर कथाकार, कादंबरीकार, समीक्षक, प्रवासवर्णनकार, विनोदकार, अर्थतज्ज्ञ, माजी प्राचार्य, ग्राहक चळवळीचे कार्यकर्ते आणि संमेलनाचे अध्यक्ष श्री. गंगाधर गाडगीळ आज आपल्याला लाभले आहेत, हे आपले भाग्य होय.'

असे परिचय सर्वत्र ऐकू येतात. त्यांत वाईट हेतू नसतो. आदर दाखवण्याची ती सवयीची रीत आहे. पण या वाक्यातून श्रोत्याला काय मिळाले ते तपासले तर हाती फार थोडे लागते. 'परिचयाची गरज नाही' असे म्हणून परिचय करून देणे हा विनोदच आहे. 'तेजस्वी तारा' हे शब्द कोणत्याही लेखकाला लावता येतात, म्हणून ते या लेखकाविषयी काहीच सांगत नाहीत. नऊ उपाधी ऐकून झाल्यावर श्रोत्याच्या लक्षात एकही राहत नाही. आणि 'नवकथेचे जनक' हा दावा तर जपूनच करावा. नवकथा एकट्याने घडवली नाही. गाडगीळांबरोबर अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. सभागृहात माडगूळकरांचा एखादा निस्सीम वाचक बसलेला असला तर 'जनक' हा शब्द ऐकताच त्याचे मन पाहुण्याविषयी नसून वादाविषयी विचार करू लागेल. 'घडवणाऱ्यांपैकी एक' असे म्हटल्याने आदर तसूभरही कमी होत नाही, आणि ते खरेही आहे.

तेव्हा सगळे सांगायचे नाही, हे ठरले. मग काय सांगायचे? जमलेल्या माहितीत असा एक धागा शोधावा की ज्याला चार-पाच गोष्टी आपोआप ओवल्या जातील. गाडगीळांच्या बाबतीत तो धागा मुंबईचा सामान्य माणूस हा आहे. जन्म मुंबईचा, नोकरी मुंबईची, कथांतील बहुतेक पात्रे त्याच शहरातील मध्यमवर्गीय. त्याच माणसाच्या मनात गंभीरपणे डोकावले की 'कडू आणि गोड'मधल्यासारखी कथा होते आणि त्याच माणसाकडे मिस्कीलपणे पाहिले की बंडू होतो. असा धागा सापडला की प्राचार्यपद, प्रवासवर्णन, समीक्षा, ग्राहक चळवळ या गोष्टी आपण होऊन बाजूला पडतात. त्या कमी मोलाच्या आहेत असे नाही. अर्थशास्त्रावरच्या परिसंवादात हेच गाडगीळ बोलायला आले असते, तर कथा बाजूला पडल्या असत्या आणि ग्राहक चळवळ मध्यभागी आली असती.

उरली एक गोष्ट: 'दुर्दम्य'. ही कादंबरी सामान्य माणसाची नाही, लोकमान्यांची आहे. ती गाळावी की ठेवावी? दुसऱ्या शहरात ती एका वाक्यात संपली असती. रायपुरात मात्र ती ठेवण्याला खास कारण आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ 1915 साली प्रसिद्ध झाला. त्याचा हिंदी अनुवाद केला पंडित माधवराव सप्रे यांनी. सप्रे यांची मातृभाषा मराठी, पण त्यांचे लेखन हिंदीत. 1900 साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. 1907 साली नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला. समर्थ रामदासांचा 'दासबोध'ही त्यांनी हिंदीत नेला. त्यांचे काही शालेय शिक्षण रायपुरात झाले होते, आयुष्याचा अखेरचा काळही येथेच गेला आणि 23 एप्रिल 1926 रोजी येथेच त्यांचे निधन झाले. रायपूरच्या श्रोत्याला, मग त्याने मराठी वाचलेले असो वा हिंदी, सप्रे हे नाव आपले वाटते. टिळकांवर मराठीत कादंबरी लिहिणारा लेखक टिळकांना हिंदीत नेणाऱ्या माणसाच्या गावी आला आहे, ही गोष्ट श्रोत्याला पाहुण्याच्या जवळ नेते. आणि नीट पाहिले तर पाहुण्यालाही श्रोत्यांच्या जवळ नेते.

येथेही दोन मर्यादा पाळाव्यात. एक, सप्रे यांना 'रायपूरचे सुपुत्र' म्हणू नये, कारण त्यांचा जन्म दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. दुसरी, सप्रे यांच्यावर दोन-तीन वाक्यांपेक्षा अधिक खर्च करू नये. परिचय गाडगीळांचा आहे. स्थानिक अभिमानाच्या भरात तो सप्रे यांच्यावरील व्याख्यान होऊन बसला, तर पाहुण्याला आपल्याच परिचयात पाहुणा झाल्यासारखे वाटेल.

कानासाठी लिहिणे

वाचण्याचा मजकूर आणि ऐकण्याचा मजकूर यांत फरक असतो. वाचक मागे वळून ओळ पुन्हा वाचू शकतो, श्रोता तसे करू शकत नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ही अडचण अधिकच वाढते. '1923 साली मुंबईत जन्मलेल्या, अर्थशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या, नवकथेच्या जडणघडणीत मोलाचा वाटा उचललेल्या, टिळकांवर कादंबरी लिहिलेल्या गाडगीळांचे आपण स्वागत करू' हे वाक्य कागदावर निर्दोष आहे. पण ते ऐकताना हे सर्व कोणाविषयी चालले आहे, ते शेवटी कळते, आणि तोपर्यंत आरंभीचे तपशील विसरलेले असतात. उपाय साधा आहे. प्रत्येक विशेषण-वाक्यांशाचे स्वतंत्र वाक्य करावे. कर्ता आधी आणावा. एका वाक्यात एकच नवी गोष्ट सांगावी.

सन आणि आकडे वाचनाच्या प्रतीत अक्षरी लिहावेत. '1923' असे लिहिले की वाचणारा क्षणभर थबकतो, आणि हिंदीतून शिकलेला असेल तर त्याच्या तोंडून 'उन्नीस सौ तेईस' निघून जाते. 'एकोणीसशे तेवीस' असे लिहिले की हा प्रश्न उरत नाही. याच कारणाने पूर्ण जन्मतारीख सहसा देऊ नये. ऐकणाऱ्याला साल पुरते.

नावांचा उच्चार हा रायपूरसारख्या ठिकाणी विशेष काळजीचा विषय आहे. हिंदीत 'ळ' हा वर्ण प्रचारात नाही. त्यामुळे 'गाडगीळ'चे 'गाडगिल' आणि 'टिळक'चे 'तिलक' होते. हिंदीत बोलताना ते चालते, तिथे तीच रूढ रूपे आहेत. मराठी परिचयात ती कानाला लागतात. 'च' चेही तसेच. 'तलावातले चांदणे' यातील 'चां' हा 'चंद्र'मधल्या 'च'सारखा उच्चारायचा नसून 'चांगला'मधल्यासारखा, जिभेचे टोक दातांमागे ठेवून उच्चारायचा आहे. ही दोन्ही अक्षरे लिपीत एकच दिसतात, म्हणून वाचणाऱ्याने अशा शब्दाखाली पेन्सिलीने खूण करून ठेवावी.

आदरार्थी रूपांविषयी थोडे. लेखकाचा उल्लेख 'श्री. गाडगीळ' किंवा नुसते 'गाडगीळ' असा, अनेकवचनी क्रियापदासह करावा: 'त्यांनी लिहिले', 'ते म्हणतात'. नुसते 'गंगाधर' कधीही म्हणू नये. हिंदीच्या सहवासाने 'गाडगीळजी' हे रूप तोंडी येते, पण परिचयाच्या औपचारिक मराठीत ते परके वाटते. लेखिका असतील तर 'सौ.' लावण्यापूर्वी त्यांना विचारावे. 'श्रीमती' लावणे किंवा नुसते पूर्ण नाव घेणे अधिक सुरक्षित आहे.

तयार परिचय

वरील विचारांतून उतरणारा परिचय पुढीलप्रमाणे होईल. हा अभ्यासासाठी तयार केलेला नमुना आहे, आणि 1981 साली उभा असलेला सूत्रसंचालक तो वाचत आहे असे धरले आहे.

'रसिक श्रोतेहो, आजचे आपले पाहुणे श्री. गंगाधर गाडगीळ हे मुंबईचे. एकोणीसशे तेवीस साली त्यांचा जन्म मुंबईत झाला. तिथेच त्यांनी अर्थशास्त्र शिकवले. त्यांच्या कथांमधली माणसेही बहुतेक त्याच शहरातली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मराठी कथा बदलली. पुढे काय घडते, यापेक्षा माणसाच्या मनात काय चालले आहे, हे ती सांगू लागली. या कथेला नवकथा असे नाव मिळाले. ती घडवणाऱ्या मोजक्या लेखकांपैकी श्री. गाडगीळ एक आहेत. "कडू आणि गोड", "तलावातले चांदणे" हे त्यांचे कथासंग्रह आपल्यापैकी काहींनी वाचले असतील.

ज्यांनी ते वाचले नसतील, त्यांची कदाचित बंडूशी ओळख असेल. साध्या संसारी माणसाची फजिती दाखवून आपल्याला हसवणारा बंडू गाडगीळांचाच आहे.

याच लेखकाने लोकमान्य टिळकांच्या जीवनावर "दुर्दम्य" ही कादंबरी लिहिली. टिळकांचे "गीतारहस्य" हिंदीत नेले पंडित माधवराव सप्रे यांनी. सप्रे इथे रायपुरात शिकले, आणि त्यांचा अखेरचा काळही इथेच गेला. "दुर्दम्य"चे लेखक आज त्याच रायपुरात आपल्याशी बोलणार आहेत.

मंडळाच्या वतीने मी विनंती करतो की त्यांनी आता आपल्याशी संवाद साधावा. श्री. गंगाधर गाडगीळ.'

हा मजकूर सावकाश वाचला तरी दोन मिनिटांच्या आत संपतो. व्यासपीठावरून वाचण्याचा वेग घरातल्या बोलण्यापेक्षा कमी असतो. मिनिटाला साधारण 100 शब्द हे प्रमाण धरून लिहावे आणि मग घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचून पाहावे. वाचताना जेथे श्वास अपुरा पडतो तेथे वाक्य लांब झाले आहे, असे समजावे.

नमुन्यातील काही गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. नाव आरंभी एकदा येते आणि अगदी शेवटचे शब्दही नावाचेच आहेत. शेवटचा शब्द नाव असल्यामुळे श्रोत्यांना टाळ्या कोठे वाजवायच्या हे आपोआप कळते आणि पाहुण्यालाही उठण्याचा क्षण कळतो. नावानंतर आणखी एखादे वाक्य जोडले तर टाळ्या आणि वाक्य यांची टक्कर होते. लेखक काय बोलणार आहेत याचा सारांश परिचयात दिलेला नाही. तो दिला तर भाषणाचा आरंभच हिरावून घेतल्यासारखे होते. स्तुतीचे विशेषणही त्यात जवळजवळ नाही. आदर व्यक्त झाला आहे तो माहितीच्या अचूकपणातून आणि 'काहींनी वाचले असतील' यासारख्या, न वाचलेल्यालाही सामावून घेणाऱ्या वाक्यातून. त्या जागी 'सर्वांनी वाचलेच असतील' असे आले असते, तर मागच्या रांगेतला तरुण ओशाळला असता.

काळानुसार होणारे बदल

परिचय हा त्या दिवसापुरता असतो. तोच मजकूर काही वर्षांनी उचलून वाचला तर तो चुकीचा ठरतो. गाडगीळांचे आत्मचरित्र 'एका मुंगीचे महाभारत' आणि त्यासाठी 1996 साली मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार या दोन्ही गोष्टी 1981 नंतरच्या आहेत. 15 सप्टेंबर 2008 रोजी त्यांचे निधन झाले. 2023 हे त्यांचे जन्मशताब्दीचे वर्ष होते. आज त्यांच्या कथांच्या अभिवाचनाचा कार्यक्रम रायपुरात ठेवला, तर परिचय नव्याने लिहावा लागेल.

तेव्हा प्रथम काळ बदलेल. आयुष्याविषयीची वाक्ये भूतकाळात जातील: 'ते अर्थशास्त्र शिकवत असत.' पण साहित्याविषयीची वाक्ये वर्तमानकाळातच राहतील: 'त्यांची कथा माणसाच्या मनात डोकावते', कारण कथा आजही वाचली जाते. दिवंगत लेखकाच्या नावामागे 'कै.' लावण्याची रूढी आहे. मात्र परिचयात ते एकदा आले की पुरे, प्रत्येक उल्लेखात नको. पुरस्काराचा उल्लेख करताना तो कोणत्या पुस्तकासाठी मिळाला हे सांगावे. 'साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कथाकार' असे म्हटले तर श्रोत्याचा समज होतो की पुरस्कार कथांसाठी आहे, आणि प्रत्यक्षात तो आत्मचरित्रासाठी आहे. शब्द खरे असूनही त्यांतून निघणारा अर्थ खोटा असतो, अशा जागा परिचयात पुष्कळ असतात; पुरस्कार ही त्यांतील नेहमीची.

अखेरचे वाक्यही बदलेल, कारण आता व्यासपीठावर लेखक येणार नाहीत. अभिवाचन करणाऱ्याचे नाव शेवटी येईल की कथेचे, हे ठरवावे लागेल. कथेचे नाव शेवटी ठेवणे अधिक योग्य, कारण श्रोत्यांनी टाळी वाजवायची आहे ती वाचणाऱ्यासाठी, पण कान द्यायचे आहेत ते कथेला. वाचणाऱ्याचे नाव त्याच्या आधीच्या वाक्यात घ्यावे. टंकलेल्या प्रतीत हे अखेरचे वाक्य नव्या पानावर जाऊ देऊ नये. पान उलटताना पडणारा खंड नेमका नावाच्या आधी येतो आणि सभागृह अवघडून थांबते. मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून, सगळा परिचय एका कागदाच्या एकाच बाजूस बसवावा.